तळ अरुंद, टोक निमुळतं: असा लोकसंख्या मनोरा तरुण म्हणायचा की म्हातारा?

प्रश्न: भूगोलाच्या पुस्तकात दिलंय की मनोऱ्याचा तळ रुंद असेल तर देश तरुण आणि तळ अरुंद असेल तर म्हातारा. पण मला अभ्यासाला जो मनोरा दिलाय त्यात सगळ्यात खालचा पट्टा त्याच्या वरच्या दोन पट्ट्यांपेक्षा लहान आहे, आणि टोक मात्र एकदम निमुळतं. मग हा देश तरुण की वार्धक्याकडे झुकलेला? नेमकं बघायचं कुठे?

उत्तर:

आज तरुण, पण म्हातारं व्हायला सुरुवात झालेली. हे गुळमुळीत उत्तर नाहीये, दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात कारण हे मुळात दोन वेगळे प्रश्न आहेत. एक म्हणजे आत्ता लोकसंख्या कशी आहे, आणि दुसरा म्हणजे ती कुठल्या दिशेने चाललीय. पहिल्याचं उत्तर मनोऱ्याच्या एकूण वाटणीत असतं, म्हणजे मुलं किती टक्के, म्हातारे किती टक्के. दुसऱ्याचं उत्तर तळाच्या तीन-चार पट्ट्यांच्या क्रमात असतं. पुस्तकातला तो रुंद-अरुंद तळाचा नियम या दोघांची खिचडी करतो, आणि म्हणून टोकाच्या उदाहरणांना बरोबर लागू पडतो, मधल्या देशांना नाही. आणि जगात मधलेच देश जास्त आहेत.

आधी पट्टा म्हणजे काय ते नीट डोक्यात बसवू, बाकी सगळं त्यातूनच निघतं. मनोऱ्यातला प्रत्येक आडवा पट्टा म्हणजे एका ठरावीक काळात जन्मलेली माणसं, साधारणपणे डावीकडे पुरुष आणि उजवीकडे बायका. वय लिहिलेलं असतं म्हणून आपण वयच वाचत बसतो, पण खरी माहिती जन्मसालात आहे. मनोरा २०११ चा असेल तर १०-१४ चा पट्टा म्हणजे साधारण १९९६ ते २००१ मध्ये जन्मलेली पोरं. त्या काळात जन्मली किती, त्यातली वारली किती, आणि देश सोडून गेली किंवा बाहेरून आली किती, या तीनच गोष्टींनी पट्ट्याची लांबी ठरते, चौथं काही नाही. मी विद्यार्थ्यांना पहिलं काम हेच सांगतो की पेन्सिल घ्या आणि प्रत्येक वयोगटाच्या शेजारी जन्मसाल लिहा. दोन मिनिटं लागतात, पण त्यानंतर तो ग्राफ शंभर वर्षांच्या जन्मांची नोंदवही असल्यासारखा वाचता येतो.

आता एक गैरसमज, जो चांगल्या चांगल्या लोकांचा असतो. मनोरा वर निमुळता का होतो? बहुतेक जण म्हणतात, वय वाढतं तशी माणसं मरतात म्हणून. वरच्या टोकाशी ते खरं आहे, पण तरुण देशाच्या खालच्या आणि मधल्या भागात मुख्य कारण ते नसतं. समजा एखाद्या देशात जन्मांची संख्या दर वर्षी ३ टक्क्यांनी वाढतेय. या वेगाने साधारण २४ वर्षांत जन्म दुप्पट होतात. म्हणजे आज पंचविशीतली माणसं ज्या वर्षी जन्मली त्या वर्षी आजच्या निम्मीच बाळं जन्माला आली होती. मग एकही माणूस मेला नाही असं धरलं तरी २५ च्या वयाचा पट्टा तळाच्या निम्माच दिसणार. तो आकार मृत्यूचा नाही, वाढत गेलेल्या जन्मांचा आहे. आफ्रिकेतला नायजर हा याचा ठळक नमुना, तिथली जवळपास निम्मी लोकसंख्या १५ वर्षांच्या आतली आहे आणि मनोरा तंबूसारखा खाली पसरत गेलेला दिसतो.

हे एकदा पटलं की उलटी गोष्ट पण आपोआप पटते. देश म्हातारा व्हायला सुरुवात वरून होत नाही, खालून होते. म्हातारे अचानक वाढले म्हणून नाही तर पोरं कमी व्हायला लागली म्हणून वाटणी बदलते. आयुर्मान वाढल्याचा परिणाम होतोच, पण तो मोठ्या प्रमाणावर नंतर दिसतो. किंबहुना गरीब देशात मृत्युदर पहिल्यांदा घटतो तेव्हा सगळ्यात जास्त जीव वाचतात ते तान्ह्या मुलांचे, त्यामुळे तळ अजून रुंद होतो आणि लोकसंख्या उलट तरुण होते! म्हणून मी मनोरा हातात आला की टोकाकडे नंतर बघतो.

तुम्ही कुठला मनोरा आहे ते लिहिलेलं नाही, पण वर्णन ऐकून मला लगेच भारताचा २०११ च्या जनगणनेचा मनोरा आठवला, अगदी असाच दिसतो तो. तोच घेऊन आकड्यांनिशी करून बघू, म्हणजे तुमच्या ग्राफवर तुम्हाला स्वतःला करता येईल.

तळापासून वर जाऊ. ० ते ४ वयाची मुलं ११.२८ कोटी. ५ ते ९ ची १२.६९ कोटी. १० ते १४ ची १३.२७ कोटी. म्हणजे तुमच्या मनोऱ्यासारखंच, खालचा पट्टा वरच्या दोघांपेक्षा लहान. त्याच्या वर १५-१९ चे १२.०५ कोटी आणि २०-२४ चे ११.१४ कोटी, तिथून पुढे पट्टे हळूहळू लहान होत जातात. थोडक्यात सगळ्यात रुंद जागा तळाशी नाही, १०-१४ ला आहे.

आता पहिला प्रश्न, आत्ता कशी आहे. तळाचे तीन पट्टे मिळवले की १५ च्या आतली मुलं ३७.२४ कोटी होतात, एकूण १२१ कोटीत जवळपास ३१ टक्के. ६५ च्या वरचे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. आणि मग माझा आवडता आकडा, मीडियन वय, म्हणजे निम्मी लोकसंख्या ज्या वयाच्या खाली आणि निम्मी वर असं वय. यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही, तळापासून पट्टे मिळवत जायचं आणि निम्मी संख्या कुठे पूर्ण होते ते बघायचं. इथे निम्मे म्हणजे साधारण साडेसाठ कोटी. १४ पर्यंत ३७.२४ झाले, त्यात १५-१९ चे टाकले की ४९.२९, आणि २०-२४ चे टाकले की ६०.४३. झालं, पंचविशीपाशी निम्मे पूर्ण. म्हणजे मीडियन वय २५ च्या आसपास. एवढी मुलं, इतके थोडे म्हातारे आणि निम्मा देश पंचविशीच्या आत, याला तरुण लोकसंख्याच म्हणतात, तळ आत गेलेला असो वा नसो.

मग दुसरा प्रश्न, दिशा. इथे तळाकडे नुसतं बघून थांबू नका, कारण तळाची लांबी दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते, मूल होण्याच्या वयातल्या बायका किती, आणि प्रत्येकीला सरासरी मुलं किती. तळ लहान झाला तर यातलं नेमकं काय घटलं ते शोधायला हवं, कारण दोन्हींचा अर्थ वेगळा निघतो. आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तर त्याच मनोऱ्यात वर लिहिलेलं असतं, दुसरा तक्ता लागत नाही.

असं करा. ०-४ च्या मुलांचे आईबाप आत्ता अंदाजे २० ते ३४ या वयात असतील. आणि १०-१४ च्या मुलांचे आईबाप दहा वर्षं पुढे, म्हणजे अंदाजे ३० ते ४४ मध्ये. भारताच्या २०११ च्या मनोऱ्यात २०-३४ चे तीन पट्टे मिळून ३०.१४ कोटी होतात आणि ३०-४४ चे २४.६२ कोटी. (मी पुरुष-बायका दोन्ही धरलेत, नुसती उजवी बाजू घेऊन केलंत तर जास्त चोख, पण निष्कर्ष तोच येतो.) आता बघा काय दिसतं. आईबापांची नवी पिढी मोठी आहे, ३० कोटी, आणि त्यांची मुलं ११.२८ कोटी. आधीची पिढी लहान होती, साडेचोवीस कोटी, आणि त्यांची मुलं १३.२७ कोटी. दर शंभर मोठ्या माणसांमागे काढलं तर आधी ५४ मुलं, आता ३७. म्हणजे आईबाप वाढूनही मुलं घटली. तळ लहान झालाय तो आया कमी झाल्या म्हणून नाही, प्रत्येकीला होणारी मुलं कमी झाली म्हणून. जननदर घसरल्याची ही पक्की खूण, आणि देश म्हातारा होण्याच्या वाटेला लागल्याचीसुद्धा. बाहेरून ताडून बघायचं असेल तर सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीच्या आकड्यांत एकूण जननदर, म्हणजे दर बाईमागे सरासरी मुलं, १९७१ ला ५.२ होता तो २०११ पर्यंत २.४ वर आलेला, म्हणजे मनोरा खोटं बोलत नाहीये.

पण इथे एक खाच आहे आणि ती माहीत नसेल तर माणूस फसतो. जनगणनेत सगळ्यात लहान मुलं कमी मोजली जातात, हे अनेक देशांत वर्षानुवर्षं दिसत आलंय. तान्हं बाळ घरात असून सांगायचं राहून जातं, किंवा चार वर्षांच्या मुलाचं वय पाच सांगितलं जातं. त्यामुळे ०-४ चा पट्टा थोडा आत गेलेला दिसला तर त्यातला काही भाग खोटा असू शकतो, आणि वर मी काढलेला ३७ चा आकडा पण त्यामुळे थोडा जास्तच खाली गेलेला असू शकतो. मग खात्री कशी करायची? एक पायरी वर चढायचं. ५-९ ची तुलना १०-१४ शी करायची, कारण शाळेच्या वयाची मुलं सहसा सुटत नाहीत. भारतात १२.६९ विरुद्ध १३.२७, म्हणजे तिथेही घटच आहे. दोन पायऱ्या सलग आत गेल्यात म्हटल्यावर ती मोजणीची चूक नाही, खरी घट आहे. फक्त सगळ्यात खालचा एकच पट्टा आत असेल आणि त्यावरचे सगळे ओळीने नीट उतरत जात असतील तर मात्र मी लगेच निष्कर्ष काढत नाही, पुढच्या मोजणीची नाहीतर जन्मनोंदणीच्या आकड्यांची वाट बघतो.

आता याच्या शेजारी जपानचा मनोरा ठेवून बघा, २०२० चा घ्या. १५ च्या आतली मुलं १२ टक्क्यांच्या आसपास, ६५ च्या वरचे २९ टक्क्यांच्या जवळ, मीडियन वय ४८ च्या पुढे. आकार बघितला तर मनोरा म्हणवत नाही, खाली निमुळता आणि वर फुगलेला. ७०-७४ चा पट्टा ०-४ च्या पट्ट्याच्या साधारण दुप्पट आहे, हे एकदा स्केलवर मोजून बघा म्हणजे किती उलटं झालंय ते कळेल. आता जन्मसालं लिहायची ती युक्ती इथे लावा. ७०-७४ म्हणजे १९४० च्या दशकाचा उत्तरार्ध. महायुद्ध संपल्यावर १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत तिथे दर वर्षी २७ लाखांच्या आसपास बाळं जन्मली, तोच हा फुगवटा. त्याच्या खाली दुसरा फुगवटा ४५-४९ च्या आसपास दिसतो, १९७१ ते १९७४ ला जन्मलेले, ती पहिल्या फुगवट्याची मुलं. १९७३ ला जवळपास २१ लाख जन्म झाले होते. आणि मग अजून पंचवीस-तीस वर्षं खाली उतरा, २००० च्या आसपास जन्मलेल्यांचा तिसरा फुगवटा दिसायला हवा, नातवंडांचा. तो नाहीये. आया भरपूर होत्या पण मुलं झाली नाहीत. त्यानंतरचा प्रत्येक पट्टा लहान पिढीने जन्माला घातलेला, म्हणजे आता आयासुद्धा कमी आणि दर आईमागे मुलंही कमी, गुणाकारातले दोन्ही आकडे खाली. २०१६ ला जन्म पहिल्यांदा १० लाखांच्या खाली गेले, २०२० ला ८.४ लाख.

भारत २०११ आणि जपान २०२०, दोन्हीचा तळ वरच्यापेक्षा अरुंद. पुस्तकातला नियम दोघांना एकाच टोपलीत टाकेल. पण एकाचं मीडियन वय पंचविशीत, दुसऱ्याचं अठ्ठेचाळीसच्या पुढे. पहिल्यात घसरण नुकतीच सुरू झालीय आणि मूल होण्याच्या वयात येणाऱ्या पिढ्या अजून मोठमोठ्या आहेत, त्यामुळे दर आईमागे मुलं कमी झाली तरी एकूण जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच राहतात आणि लोकसंख्या बराच काळ वाढत राहते. दुसऱ्यात ती शिदोरीच संपलेली. म्हणून तळ किती आत गेलाय यापेक्षा तो किती पट्ट्यांपासून आत जातोय हे बघणं जास्त कामाचं. दोन-तीन पट्टे आत म्हणजे दहा-पंधरा वर्षांची गोष्ट, आठ-नऊ पट्टे आत म्हणजे एक अख्खी पिढी त्यातच मोठी झाली.

जपानचं एक जाता जाता सांगतो कारण ते मला फार आवडतं. एकेका वर्षाच्या पट्ट्यांचा मनोरा मिळाला तर १९६६ ला जन्मलेल्यांच्या जागी कुऱ्हाडीने घाव घातल्यासारखी खाच दिसते. १९६५ ला १८ लाखांवर जन्म, १९६६ ला साडेतेरा लाखांच्या आसपास, आणि १९६७ ला परत १९ लाखांच्या वर. युद्ध नाही, रोगराई नाही. त्यांच्या पंचांगात दर ६० वर्षांनी 'हिनोएउमा' नावाचं अग्नी-अश्वाचं वर्ष येतं, त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला घातक ठरते अशी जुनी समजूत, म्हणून जोडप्यांनी ते एक वर्ष टाळलं. सांगायचा मुद्दा हा की एका पट्ट्याच्या खाचेवरून तरुण-म्हातारा ठरवू नये. वर-खाली शेजारचे पट्टे परत पूर्ववत असतील तर ती एखादी घटना आहे, दिशा नाही. पाच-पाच वर्षांच्या पट्ट्यांत ही खाच बरीचशी बुजून जाते. उलटा प्रकारही होतो. रोमानियात १९६६ ला सरकारने गर्भपातावर जवळपास बंदी घातली आणि १९६७ ला जन्म एकदम दुप्पट झाले, त्यांच्या मनोऱ्यात त्या जागी फळी बाहेर आल्यासारखी दिसते, आणि पुढे लोकांनी वाट काढल्यावर पट्टे परत आत गेले. त्या फळीवरून कोणी १९६७ नंतर रोमानिया तरुण होत गेला म्हणेल तर चुकेल.

बरं, टोकाचं काय? टोक मी नंतर बघतो म्हटलं, पण बघतो जरूर. ६५ च्या वरचे ७ टक्के झाले की वार्धक्याकडे झुकलेली लोकसंख्या, १४ टक्के झाले की वृद्ध, आणि २१ च्या वर गेले की अतिवृद्ध, असे टप्पे सर्रास वापरतात. हे आकडे काही निसर्गनियम नाहीत, सोयीसाठी ठरवलेल्या रेषा आहेत, पण तुलनेला बऱ्या पडतात. जपानने ७ ची रेषा १९७० ला ओलांडली आणि १४ ची १९९४ ला, म्हणजे २४ वर्षांत. फ्रान्सला तेवढ्याच प्रवासाला ११५ वर्षांच्या आसपास लागली. हा फरक कुठून आला ते पण मनोऱ्यातच आहे, फ्रान्समध्ये जन्म एकोणिसाव्या शतकापासून सावकाश घटत गेले, त्यामुळे बाजू हळूहळू उभ्या झाल्या. जपानात १९४९ नंतर मोजक्या वर्षांत जन्म कोसळले, त्यामुळे एक जाडजूड पिढी वर आणि तिच्याखाली एकदम पातळ पिढ्या, मुलं झपाट्याने कमी झाल्यामुळे म्हाताऱ्यांचा टक्का भराभर चढला, आणि ती जाड पिढी १९९४ नंतर बऱ्याच वर्षांनी ६५ ला पोचली तेव्हा त्याने अजून उडी मारली. तेव्हा तळ किती झटक्यात आत गेलाय यावरून पुढे म्हातारपण किती झटक्यात येणार ते आत्ताच वाचता येतं. टोक बघताना उजवी बाजूही बघा, बायका जास्त जगतात त्यामुळे वृद्ध देशात ७५ च्या वर उजवीकडचे पट्टे डावीकडच्यांपेक्षा ठळकपणे लांब असतात.

आता ग्राफ फसवतो कुठे, त्यातल्या दोन-तीन गोष्टी सांगतो ज्या मला सतत दिसतात. पहिली, स्केल. खालच्या आडव्या रेषेवर संख्या आहे की टक्के ते आधी वाचा. संख्या असेल तर मोठ्या देशाचा मनोरा सगळीकडूनच रुंद दिसतो, आणि ग्राफ काढणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत्येक देशाला स्केल वेगवेगळं दिलं असेल तर डोळ्यांनी केलेली तुलना शून्य किमतीची. दोन देश शेजारी ठेवायचे तर टक्क्यांचेच मनोरे घ्या आणि दोघांचं स्केल सारखं आहे का ते बघा. एकाच देशातल्या पट्ट्यांची आपापसात तुलना मात्र संख्येवर केली तरी चालते, आपण वर तेच केलं.

दुसरी, सगळ्यात वरचा पट्टा. तो बहुतेक वेळा '८० आणि पुढे' किंवा '८५ आणि पुढे' असा उघडा असतो. म्हणजे बाकीचे पट्टे पाच वर्षांचे आणि हा वीस-पंचवीस वर्षांचा. म्हणून कधीकधी टोकाला टोपी घातल्यासारखा एक रुंद पट्टा दिसतो आणि लोक म्हणतात बघा किती म्हातारे. त्याच्या खालच्या पट्ट्याशी त्याची तुलनाच होत नाही. काही तक्ते तर '६५ आणि पुढे' वरच थांबतात, असा मनोरा घेऊन वार्धक्याविषयी बोलायला जाऊच नये, ६५ चे किती आणि ८५ चे किती हेच त्यात दडून जातं.

तिसरी आणि सगळ्यात मोठी, स्थलांतर. कतार किंवा संयुक्त अरब अमिरातीचा मनोरा उघडून बघा. तळ अरुंद, मध्ये २५ ते ४४ च्या आसपास प्रचंड फुगवटा, टोक जवळपास नाहीच. पुस्तकी नियमाने अरुंद तळ म्हणजे म्हातारा देश! पण ६५ च्या वरचे तिथे अगदीच नगण्य. तो फुगवटा बाहेरून कामाला आलेल्या माणसांचा आहे, कुटुंब मागे ठेवून आलेल्या. ओळखायचं कसं? डावी-उजवी बाजू ताडून बघा. फुगवटा जन्मांमुळे आला असेल तर तो दोन्ही बाजूंना जवळपास सारखा असतो, कारण मुलगे-मुली साधारण बरोबरीनेच जन्मतात. इथे डावी बाजू, पुरुषांची, उजवीच्या कितीतरी पट बाहेर आलेली असते. असं दिसलं की वर सांगितलेला आईबाप आणि मुलांचा हिशोब तिथे करायचा नाही, कारण त्या पट्ट्यातल्या माणसांची मुलं दुसऱ्याच देशाच्या मनोऱ्यात मोजली गेलेली असतात. करायचाच असेल तर तो फक्त उजव्या बाजूवर, आणि तोही जपून.

वयं गोल करून सांगण्याचा प्रकार पण असतो, जिथे जन्मतारखेचा कागद नसतो तिथे लोक ३०, ३५, ४०, ६० अशी वयं सांगतात आणि एकेका वर्षाच्या मनोऱ्यात कंगव्याचे दात दिसतात. पाच वर्षांच्या गटात ते बरंचसं लपतं, म्हणून त्यावर जास्त डोकं लावू नका. फक्त म्हाताऱ्यांच्या पट्ट्यात एखादा, विशेषतः ६० ने सुरू होणारा, त्याच्या खालच्यापेक्षा लांब दिसला तर आधी हा संशय घ्यायचा आणि मग युद्ध-दुष्काळाकडे वळायचं.

शेवटी तुमच्या मनोऱ्यावर अजून एक गोष्ट करा. ट्रेसिंग पेपर घेऊन सगळे पट्टे दहा वर्षं, म्हणजे दोन पायऱ्या, वर सरकवा. जे आज जिवंत आहेत तेच पुढे म्हातारे होणार आहेत, त्यामुळे पुढच्या साठ वर्षांतले म्हातारे आजच मोजून ठेवलेले आहेत, अंदाज फक्त अजून न जन्मलेल्यांचा करावा लागतो. (वरच्या वयात मृत्यूंमुळे पट्टे आखडतात, तेवढं डोळ्यांनी कमी करायचं.) भारताचा तो सगळ्यात रुंद १०-१४ चा पट्टा २०२१ ला २०-२४ वर गेला, म्हणजे कामाच्या वयात, २०४१ ला तो ४०-४४ वर असेल, आणि २०६१ ला ६०-६४ वर. त्याच्या आगेमागे असलेले मोठे पट्टे पण तेव्हा तिथेच गोळा झालेले असतील, आणि त्यांच्या खाली आत्ताच आखडायला लागलेल्या पिढ्या. तुमच्या ग्राफमध्ये सगळ्यात रुंद पट्टा कुठल्या वयावर आहे ते बघा आणि ६५ मधून ते वय वजा करा. जितकी वर्षं उरतील साधारण तितक्या काळाने त्या देशात वयस्करांचा टक्का सगळ्यात जोरात चढत असेल. उत्तरपत्रिकेत 'सध्या तरुण, वार्धक्याकडे वाटचाल सुरू' एवढंच लिहिण्यापेक्षा मीडियन वय, तळाच्या तीन पट्ट्यांचा क्रम आणि ही वर्षं लिहिलीत तर तपासणाऱ्याला वाद घालायला जागाच राहत नाही.